ताण पहिल्या महिन्यात हवा की सहाव्या वर्षी?

पत्र: मी २४ वर्षांची, एम.कॉम. झालेली. आयबीपीएसमधून एका सरकारी बँकेत पीओ म्हणून निवड झाली आहे, रुजू व्हायची तारीख यायची आहे. त्याच वेळी पुण्यातल्या एका खासगी आयुर्विमा कंपनीकडून सेल्स मॅनेजर म्हणून साडेचार लाखांची ऑफर आहे. गुंतवणूक सल्ला देणारी एक छोटी फर्मही वर्षाला साडेतीन लाखांवर घ्यायला तयार आहे. बाबा म्हणतात, बँक म्हणजे बँक, डोळे झाकून जा. मामा वीस वर्षं विमा एजंट आहेत. ते म्हणतात, पगारात कुणी मोठं झालंय का? मला लोकांच्या मागे लागून काही विकणं जमत नाही. आकडे मांडायला, सल्ला द्यायला आवडतं, म्हणून मन फर्मकडे ओढतंय. प्रगती, पैसा आणि ताण बघता कुठे जावं?
— अ., जि. सातारा

प्रिय अ.,

विकणं जमत नाही हे तू विमा कंपनीला डोळ्यांसमोर ठेवून लिहिलं आहेस. बँकेत ते करावं लागणार नाही आणि फर्ममध्ये तर नाहीच, असं तू धरून चालली आहेस. तिथूनच सुरुवात करू.

मी अठ्ठावीस वर्षं एका सरकारी बँकेत काढली. शेवटच्या काही वर्षांत आमच्याकडे महिन्यातून एक-दोन 'लॉग-इन डे' असायचे. त्या दिवशी झोनमधल्या प्रत्येक शाखेने निदान एक विमा पॉलिसी तरी सिस्टीममध्ये चढवायचीच. दुपारी चारला रिजनल ऑफिसचा फोन यायचा, "मॅडम, तुमची शाखा अजून झिरोवर दिसतेय." तेवढ्यात समोर एखादे निवृत्त गुरुजी मुदत ठेवीची पावती रिन्यू करायला उभे असायचे. त्या घटकेला आपण त्या पावतीकडे कोणत्या नजरेने बघतो, हे मला अजून आठवतं आणि आठवलं की बरं वाटत नाही. बँका विमा कंपन्यांच्या कॉर्पोरेट एजंट असतात आणि पॉलिसी विकणाऱ्या कर्मचाऱ्याने 'स्पेसिफाइड पर्सन' म्हणून परीक्षा द्यायची असते. तुलाही बहुधा पहिल्या एक-दोन वर्षांत ती द्यायला सांगतील. जोडीला अटल पेन्शनचे अर्ज, क्रेडिट कार्ड, म्युच्युअल फंड हे आहेच. फर्ममध्येही पहिली दोन वर्षं आकडेमोडीपेक्षा ओळखी काढण्यात जास्त जातील, कारण तिथे ग्राहक स्वतःहून टोकन घेऊन रांगेत उभा राहत नाही.

तेव्हा विकणं तिन्हीकडे आहे. फरक बघायचा तर दोन गोष्टींत बघ. आज केलेल्या कामाचं सहाव्या वर्षी तुझ्या हातात काय उरतं, आणि हातून चूक झाली तर तिची वसुली कधी होते. पगाराच्या आकड्यापेक्षा या दोन गोष्टींवरून मला तिन्ही धंदे जास्त नीट कळले.

बँकेचं आधी, कारण तुझ्या बाबांचं म्हणणं मला अर्धं पटतं. २०२४च्या मार्चमध्ये झालेल्या बाराव्या द्विपक्षीय वेतन करारानंतर स्केल वनचा, म्हणजे पीओचा, मूळ पगार ४८,४८० रुपयांपासून सुरू होतो. महागाई भत्ता, विशेष भत्ता, घरभाडं धरून आणि एनपीएसची कपात वजा जाता, गावाप्रमाणे साठ ते सत्तर हजार हातात येतात. पहिली काही वर्षं दर वर्षी २,००० रुपयांची वेतनवाढ आहे. जेएआयआयबी आणि सीएआयआयबी या बँकिंगच्या परीक्षा पास झालीस तर जादा वेतनवाढी मिळतात. पुस्तकं उघडून पगार वाढवायची अशी सोय बाकी दोन्हीकडे नाही, आणि तुझ्यासारख्या अभ्यासू मुलीने ती पहिल्या तीन वर्षांत पदरात पाडून घ्यावी. स्केल टूचा मूळ पगार ६४,८२० पासून सुरू होतो. साधारण तीन वर्षांनी त्यासाठी बसता येतं.

प्रगतीची शिडी अशी आखीव आहे, स्केल वनपासून वरपर्यंत. पण तिच्या प्रत्येक पायरीखाली एक सूटकेस ठेवलेली असते. बढती म्हणजे बदली, आणि स्केल वाढेल तशी ती लांबची. माझ्या बॅचच्या ज्या मैत्रिणी स्केल टूवर निवृत्त झाल्या, त्यांतली एकही कमी हुशार नव्हती. कुणाच्या मुलाची दहावी होती, कुणाच्या सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या होत्या, म्हणून त्यांनी बढतीच्या यादीतून नाव काढून घेतलं. बँकेत वर कोण जातं याचं उत्तर निम्म्याहून जास्त वेळा परीक्षेच्या गुणांत नसतं, घरी मागे कोण सांभाळतंय यात असतं. बाबांनी डोळे झाकून जा म्हटलंय, तर त्यांना आत्ताच विचारून घे की तीन वर्षांनी बिहारमधली किंवा ओडिशातली शाखा आली तर त्यांचं म्हणणं काय असेल.

आता ताण. रोजचा आहे तो कुणीही सांगेल, मी जरा जवळून दाखवते. समज, तुझ्या शाखेत एका सलूनवाल्याचं मुद्रा कर्ज आहे, हप्ता ४,२०० रुपये. हप्ता चुकला की दुसऱ्या दिवसापासून खातं एसएमए-० मध्ये जातं, तीस दिवस उलटले की एसएमए-१, साठ उलटले की एसएमए-२, आणि नव्वद दिवसांच्या पुढे गेलं की एनपीए. महिन्याच्या २५ तारखेला तुझ्या हातात एसएमए-२ची यादी पडते. चाळीस-पन्नास नावं असतात आणि कुणाचं खातं कोणत्या तारखेला घसरणार ते समोर लिहिलेलं असतं. मग तू फोन करतेस, फोन लागत नाहीत, संध्याकाळी सहाला शिपायाच्या गाडीवर मागे बसून त्या सलूनमध्ये जातेस. तो गिऱ्हाइकाची दाढी अर्धवट ठेवून सगळ्यात जुन्या हप्त्यातले राहिलेले दीड हजार गल्ल्यातून काढून देतो आणि बाकीचे हप्ते सोमवारी देतो म्हणतो. तेवढ्याने खातं एनपीए होता होता वाचतं, पुढच्या महिन्यात पुन्हा तीच यादी. हा ताण थकवतो, पण घरी जाऊन जेवलं की निम्मा उतरतो.

खरा ताण पाच-सहा वर्षांनी टपालाने येतो. २०११ साली मी एका यंत्रमाग कारखान्याला आठ लाखांचं कर्ज मंजूर केलं. तीन वर्षं हप्ते नीट आले, मग धंदा बसला, खातं बुडालं. तोवर माझी तिथून दोनदा बदली झाली होती. २०१६ मध्ये मेमो आला: मंजुरीपूर्वीच्या स्थळपाहणी अहवालावर तुमची सही का नाही? पाहणीला मी स्वतः गेले होते. सही राहिली होती, बस. उत्तरं, खुलासे, चौकशी यांत चौदा महिने गेले. त्याच काळात माझा बढतीचा इंटरव्ह्यू झाला आणि निकाल सीलबंद पाकिटात पडून राहिला. पुढे मी निर्दोष ठरले, पाकीट उघडलं, बढतीही मिळाली. पण त्या चौदा महिन्यांत रात्री दोनला उठून मी ती फाइल मनातल्या मनात किती वेळा चाळली असेन! सरकारी बँकेतली नोकरी सुरक्षित आहे ती टार्गेट चुकल्याबद्दल. सहीबद्दल ती सुरक्षित नाही. म्हणून पहिल्या दिवसापासून एक सवय लाव. ज्या कागदावर सही करशील त्याची तारीख, खातं आणि तुला काय दिसलं ते स्वतःच्या वहीत दोन ओळींत लिहून ठेव. बदली झाली की फाइल शाखेत राहते, वही तुझ्याबरोबर येते.

खासगी बँकेची ऑफर हातात धरून हे वाचणाऱ्यांनी मात्र वरचं सगळं स्वतःला लावू नये. नाव एकच असलं तरी तो धंदा विमा विक्रीच्या जास्त जवळचा आहे. रिझर्व्ह बँकेच्या २०२३-२४च्या अहवालानुसार काही निवडक खासगी बँका आणि स्मॉल फायनान्स बँकांत नोकरी सोडण्याचं सरासरी प्रमाण २५ टक्क्यांच्या आसपास होतं, म्हणजे दर चौघांत एक जण वर्षात बाहेर. हुशार माणूस तिथे तिशीतच मोठ्या पदावर पोचू शकतो हेही खरं. तिथे चढण आणि उतरण दोन्ही वेगाने होतात.

आता विमा. इथे तुझी ऑफर आणि मामांचं काम ही एकच गोष्ट आहे असं तुझ्या पत्रावरून वाटतं. तसं नाही. मामा एजंट आहेत. तुला सेल्स मॅनेजर केलं तर तुझं काम पॉलिसी विकण्याचं कमी आणि मामांसारखी माणसं शोधण्याचं जास्त असेल. महिन्याला इतके 'कोड काढायचे', म्हणजे नवे एजंट गाठायचे, त्यांना पंचवीस तासांचं प्रशिक्षण घ्यायला लावून आयसी-३८ परीक्षेला बसवायचं, आणि मग त्यांच्याकडून पहिल्या वर्षाचा हप्ता आणून घ्यायचा. नवा एजंट पहिल्या दोन महिन्यांत आई, भाऊ, शेजारी आणि जुना मित्र यांच्या चार पॉलिसी करतो. नात्यातली वही संपली की तो थांबतो. मग तू दुसरा एजंट शोधतेस. दर महिन्याच्या एक तारखेला तुझी पाटी कोरी. मागच्या महिन्यात तू झोनमध्ये पहिली आलीस हे तीन तारखेच्या मीटिंगमध्ये कुणाला आठवत नाही. आणि चुकल्याची वसुलीही लगेच: दोन तिमाही मागे पडलीस की 'सुधारणा योजने'चं पत्र, आणि त्यानंतर बहुतेक वेळा राजीनामा.

म्हणून त्या साडेचार लाखांबद्दल एचआरला तीन प्रश्न विचार. यातली ठरलेली रक्कम किती आणि कामगिरीवर अवलंबून किती? माझ्या पगाराच्या किती पट पहिल्या वर्षाचा हप्ता मी आणायचा आहे? आणि माझ्या आधी या खुर्चीवर जो होता तो किती महिने टिकला? तिसऱ्या प्रश्नाला गोलमाल उत्तर आलं तर पहिल्या दोन्हींची उत्तरं ऐकायची गरज नाही.

मामांचा हिशोब वेगळा आहे आणि तो एकदा कागदावर मांडायलाच हवा. समज, एक एजंट महिन्याला चार पॉलिसी करतो, प्रत्येकीचा वार्षिक हप्ता ३० हजार. वर्षाला ४८ पॉलिसी, १४ लाख ४० हजारांचा हप्ता. दीर्घ मुदतीच्या पारंपरिक पॉलिसीवर पहिल्या वर्षी हप्त्याच्या २५ टक्के कमिशन धरलं तर ३ लाख ६० हजार. पुढच्या वर्षी यांतल्या चारांतली एक बंद पडली असं धरू, उरला १० लाख ८० हजारांचा हप्ता. त्यावर नूतनीकरणाचे ५ टक्के म्हणजे ५४ हजार. असंच पाच वर्षं चाललं तर पाचव्या वर्षी जुन्या चार वर्षांच्या पॉलिसी मिळून सव्वादोन लाखांच्या जरा आत देतील, आणि नवीन ३ लाख ६० हजार वेगळे. एकूण पावणेसहा लाखांच्या आसपास. फिरण्याचा खर्च आणि डायरी-कॅलेंडरं यातूनच. पाच वर्षं न थकता काम करूनही आकडा पीओच्या पहिल्या वर्षाच्या मागेच राहतो. मात्र पंधराव्या-विसाव्या वर्षी मामा घरी बसले तरी नूतनीकरणाचे पैसे येत राहतात, आणि बँक मॅनेजरला सुटी संपली की कामावर जावंच लागतं. मामा खोटं बोलत नाहीत. ते विसाव्या वर्षावरून बोलतात आणि तू पहिल्यावरून ऐकतेस.

या हिशोबातला सगळ्यात नाजूक आकडा आहे चारांतली एक बंद पडण्याचा. धंद्यात त्याला तेराव्या महिन्याची पर्सिस्टन्सी म्हणतात: विकलेल्या पॉलिसींपैकी किती पॉलिसींचा दुसऱ्या वर्षाचा पहिला हप्ता आला. गळ्यात मारलेली पॉलिसी इथे उघडी पडते. ऑक्टोबर २०२४ पासून पॉलिसी लवकर सोडणाऱ्याला जास्त रक्कम परत देण्याचे नियम आले, तेव्हापासून अनेक कंपन्यांनी पहिल्या वर्षाचं कमिशन कमी करून काही भाग पुढच्या वर्षांकडे सरकवला. घाईने विकून मोकळं होणाऱ्याला ते जड गेलं, टिकणारं विकणाऱ्याला बरं झालं.

विमा म्हणजे विक्रीच, हेही तुझं गृहीतक दिसतं. आकडे मांडायला आवडणाऱ्या मुलीने अंडररायटिंग, म्हणजे जोखीम तपासणं, आणि दावे या खात्यांचा विचार करायला हरकत नाही. २०२५च्या जाहिरातींप्रमाणे न्यू इंडिया ॲश्युरन्ससारख्या सरकारी कंपनीत प्रशासकीय अधिकाऱ्याचा मूळ पगार ५०,९२५ पासून होता आणि एलआयसीच्या एएओचा, म्हणजे सहायक प्रशासकीय अधिकाऱ्याचा, ८८,६३५ पासून. म्हणजे सुरुवातीच्या पगारात एएओ बँक पीओच्या बराच पुढे आहे, आणि हे आमच्याकडच्या पीओच्या क्लासमध्ये कुणी सांगत नाही. अडचण एवढीच की जाहिरात दर वर्षी निघेलच असं नाही आणि जागा थोड्या असतात. वयाची मर्यादा तीस आहे, तुझ्याकडे वेळ आहे. बँकेत रुजू होऊनही हा फॉर्म भरता येतो, फक्त परवानगीची रीत पाळ.

आता तुझं मन जिथे ओढतंय ती फर्म. पहिला प्रश्न, ती फर्म नक्की काय आहे? दारावर 'सल्लागार' लिहिलेल्या दहांतल्या नऊ पाट्या म्युच्युअल फंड वितरकांच्या असतात. वितरकाकडे एआरएन हा नोंदणीचा नंबर असतो, तो ग्राहकाकडून काही घेत नाही, फंड कंपनी त्याला ट्रेल कमिशन देते. सेबीकडे नोंदलेला गुंतवणूक सल्लागार ही वेगळी जात. तो ग्राहकाकडून फी घेतो आणि त्या ग्राहकाच्या गुंतवणुकीवर कमिशन घेऊ शकत नाही. असे नोंदणीकृत सल्लागार सबंध देशात हजाराच्या आसपास आहेत, यावरून काय ते समज. आपल्याकडे माणूस डॉक्टरला आठशे रुपये देईल, वकिलाला पाच हजार देईल, पण 'पैसे कुठे ठेवू' या सल्ल्याचे पंधरा हजार मागितले की चहा न घेताच उठतो. कमिशनचे पैसेही त्याच्याच खिशातून जातात, फक्त त्याला ते दिसत नाहीत.

ट्रेलचं गणित मांडते. २०१८च्या ऑक्टोबरपासून सेबीने आगाऊ कमिशन बंद केलं. आता ग्राहकाची रक्कम जितकी आणि जितके दिवस गुंतलेली, तितकंच कमिशन. इक्विटी फंडावर वर्षाला ०.८ टक्के धरू. तू शंभर घरं जोडलीस, प्रत्येकाची महिना ५,००० ची एसआयपी. ऐकायला केवढं मोठं वाटतं! महिन्याला ५ लाख, वर्षात ६० लाख. पण ते हळूहळू जमतात, म्हणून पहिल्या वर्षी सरासरी शिल्लक ३० लाखांच्या आसपास, आणि त्यावर ट्रेल २४ हजार रुपये. महिन्याचे नव्हेत, सबंध वर्षाचे. पाच वर्षांनी वाढ न धरता ३ कोटी जमले की वर्षाला २ लाख ४० हजार, म्हणजे महिन्याला वीस हजार. आणि त्या शंभरांतली एकही एसआयपी मध्ये थांबली नाही असं धरलंय, जे कधीच होत नाही. तू पीओ म्हणून पहिल्या वर्षी जे घरी नेशील तेवढं ट्रेलमधून मिळवायचं तर जवळजवळ १० कोटींची गुंतवणूक तुझ्या नंबरखाली हवी.

आणि 'तुझ्या नंबरखाली' हे शब्द महत्त्वाचे आहेत. फर्ममध्ये नोकरी करताना तुला एनआयएसएमची सिरीज फाइव्ह-ए परीक्षा द्यावी लागेल आणि एक ईयूआयएन मिळेल. कोणत्या माणसाने व्यवहार घडवला हे त्यावरून कळतं. ट्रेल मात्र एआरएनवर जातं, आणि एआरएन फर्मचा. तू चार वर्षं जोडलेली शंभर घरं नोकरी सोडताना फर्मकडेच राहतात. बहुतेक करारांत सोडल्यानंतर अमुक काळ त्यांना फोनही करायचा नाही असं कलम असतं. हे मी ऐकीव सांगत नाही. बँक सोडल्यावर मी सुरुवातीला दोन वर्षं एका फर्ममध्ये होते आणि तिथून निघताना कोऱ्या पाटीनेच निघाले. कराराचा कागद मी वाचला नव्हता, अठ्ठावीस वर्षं दुसऱ्यांचे कागद वाचून! तेव्हा साडेतीन लाखांवर घासाघीस करण्याऐवजी हे विचार की मी आणलेल्या ग्राहकांच्या ट्रेलमध्ये माझा हिस्सा लेखी मिळेल का, आणि मी सोडून गेले तर त्याचं काय होईल.

इथला ताण महिन्याच्या एक तारखेला येत नाही आणि सहा वर्षांनी टपालानेही येत नाही. तो बाजार पडला की येतो. २३ मार्च २०२०ला सेन्सेक्स एका दिवसात ३,९०० अंशांहून जास्त पडला. त्या आठवड्यात मला आलेल्या फोनमध्ये एकही माणूस 'आता घेऊ का' असं विचारत नव्हता. एका निवृत्त मुख्याध्यापिकाबाईंनी रात्री अकराला फोन केला, "तुमच्या शब्दावर ठेवले होते." बास, एवढंच, आणि पुढे बराच वेळ काही बोलल्या नाहीत. त्यांना मी दुसऱ्या दिवशी काढू दिलं नाही, वर्षभरात त्यांचे पैसे भरून आले. पण ते एक वर्ष मी त्यांच्या गल्लीतून जायचं टाळत होते. अशा वेळी शिल्लक घटते म्हणून तुझं ट्रेलही त्याच महिन्यात घटतं. कमाई खाली आणि फोन दुप्पट. हे सोसायला वय आणि घरात दुसरा पगार, दोन्ही असलेलं बरं.

माझं मत असं की तू बँकेत रुजू हो, पण बाबांच्या कारणासाठी नव्हे. तुला सल्ला द्यायला आवडतो, आणि चोविसाव्या वर्षी लोक आपल्या आयुष्यभराची पुंजी तुझ्यापुढे ठेवत नाहीत. बँकेच्या काउंटरवर मात्र चार वर्षांत तू किती घरांचं आर्थिक पोट आतून बघशील! कर्ज का थकतं, पेन्शन कशात जाते, सोनं कोणत्या महिन्यात गहाण पडतं आणि कोणत्या महिन्यात सुटतं. हे शिक्षण फर्ममधल्या एक्सेल शीटवर मिळत नाही. रुजू होण्याआधी बाँडची अट वाच. अनेक बँका ठरावीक वर्षांच्या आत सोडल्यास एक ते दोन लाखांपर्यंत रक्कम मागतात. तीन वर्षांत सीएआयआयबी संपव, सेबीच्या सल्लागार नोंदणीसाठी लागणाऱ्या एनआयएसएम टेन-ए आणि टेन-बी परीक्षांचा अभ्यास सवडीने कर. डिसेंबर २०२४च्या बदलांनंतर त्या नोंदणीसाठी पूर्वीसारखी अनुभवाची अट राहिली नाही आणि दीडशे ग्राहकांपर्यंत १ लाखाची अनामत पुरते. म्हणजे तिशीत तुला तिकडे वळावंसं वाटलं तर दार उघडं आहे. उलट वाट नाही. तिशीनंतर पीओचा फॉर्म तुला भरता येणार नाही.

एक गोष्ट मात्र आत्ताच मामांच्या कानावर घाल. बँकेत असताना बाजूला एजन्सी चालवता येत नाही, आणि घरातल्या कुणाच्या विमा एजन्सीसाठी ग्राहकाकडे शब्द टाकणं हाही बँक अधिकाऱ्यांच्या आचरण नियमांचा भंग धरला जातो. मामा त्या 'घरातल्या' व्याख्येत बसतात की नाही, यावर मेमोच्या उत्तरात वाद घालायची वेळ येऊ देऊ नकोस. पुढच्या दिवाळीत ते सहज म्हणतील, "तुझ्या शाखेतले दोन डॉक्टर जरा सांग की." त्याआधी बोललेलं बरं.

ज्यांना बदली शक्यच नाही, घरी आजारी माणूस आहे किंवा शेती बघायला दुसरं कुणी नाही, त्यांना मी बँक सांगणार नाही. त्यांनी गावात राहून विमा आणि फंड दोन्हींचं वितरण करावं: विम्याचं पहिल्या वर्षाचं कमिशन आजचं घर चालवतं, फंडाचं ट्रेल दहा वर्षांनंतरचं. दोन्ही परवाने एकाच माणसाला घेता येतात. फक्त पहिली तीन वर्षं घरात कुणाचा तरी ठरलेला पैसा येत असावा, नाहीतर महिनाअखेरीला गरज ग्राहकाची की आपली हे ओळखू येईनासं होतं.

तुझी तारीख यायला अजून वेळ असेल, तर एक रविवार मामांकडे जा आणि त्यांना पाच वर्षांपूर्वी केलेल्या पॉलिसींची यादी काढायला सांग. वीस वर्षांच्या एजंटकडे ती असते. पेन्सिल घेऊन बस, आणि ज्या अजून चालू आहेत त्यांच्यापुढे खूण कर. बंद पडलेल्यांपुढे त्या माणसाशी मामा आजही बोलतात का, तेवढं लिही.